‘विहित निकष’ म्हणजे काय, ते आधी ठरवा

मध्यंतरी सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका गावात बचत गटाच्या बायकांनी बैठक बोलावली होती. विषय होता ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागलेली एका योजनेची सूचना. ती कुणालाच धड कळली नव्हती आणि ती कळायच्या आत मुदत संपून गेली होती. चर्चा सुरू झाली आणि पाच मिनिटांत नेहमीच्या वळणावर गेली. एक बाजू म्हणाली, ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘विहित’ हे शब्द काढून टाका, माणसं बोलतात तसं लिहा. दुसरी बाजू म्हणाली, सरकारी कागदाची भाषा सरकारीच असते, तिला कायद्याची चौकट आहे, उद्या कुणी कोर्टात गेलं तर जबाबदार कोण? मग ‘लाभार्थी’ हा शब्द सोपा की अवघड यावर तासभर गेला. ज्या बाईची मुदत हुकली होती ती कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिचा प्रश्न ‘लाभार्थी’ या शब्दाचा नव्हताच. आपण त्यात बसतो की नाही, हे तिला जाणून घ्यायचं होतं.

मी पंचायत समितीत बरीच वर्षं टेबलावर बसलो आहे आणि अशा सूचना स्वतः लिहिल्या आहेत. म्हणून टेबलाच्या आतल्या बाजूनं सांगतो, हा वाद चुकीच्या जागी चालला आहे. सूचना अवघड होते ती शब्दांमुळे थोडी आणि न घेतलेल्या निर्णयांमुळे फार. कार्यालयानं जे ठरवलेलं नसतं, ते ‘विहित’, ‘आवश्यक’ आणि ‘संबंधित’ या तीन शब्दांखाली झाकून जातं. सूचना सोपी करायला बसलं की आधी ते सगळं ठरवावं लागतं. ‘विहित’च्या जागी ‘ठरवून दिलेले’ लिहिल्यानं काहीच सोपं होत नाही, कारण काय ठरवून दिलं आहे ते तरीही कळत नाही.

नमुना म्हणून एक मजकूर घेऊ. तीन-चार सूचनांवरून तो मी जुळवला आहे, कुणा एका कार्यालयाकडे बोट दाखवायचं नाही.

“उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सेस फंडातून ग्रामीण भागातील महिलांना घरगुती पिठाची गिरणी पुरविणे या योजनेअंतर्गत विहित निकषांची पूर्तता करणाऱ्या दारिद्र्यरेषेखालील अथवा अल्प उत्पन्न गटातील इच्छुक महिलांनी आपले परिपूर्ण प्रस्ताव रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, ८ चा उतारा व इतर आवश्यक कागदपत्रांच्या साक्षांकित प्रतींसह सदर सूचना प्रसिद्ध झालेपासून १५ दिवसांचे आत संबंधित ग्रामसेवकामार्फत या कार्यालयास सादर करावेत. यापूर्वी लाभ घेतलेल्यांचे तसेच अपूर्ण प्रस्ताव विचारात घेतले जाणार नाहीत.”

मराठी म्हणून यात फार मोठं काही चुकलेलं नाही. दहावी शिकलेली बाई हे वाक्य वाचू शकते. तरीही ते वाचून तिला एकही गोष्ट करता येत नाही. का येत नाही, ते पाहू.

पात्रतेपासून सुरुवात करू. ‘दारिद्र्यरेषेखालील’ म्हणजे कोण? गावात याचे दोन अर्थ चालतात. एक अर्थ २००२ च्या सर्वेक्षणातून झालेल्या यादीत नाव असलेलं कुटुंब. दुसरा अर्थ पिवळं रेशनकार्ड, ज्याची उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १५ हजार रुपये होती. या दोन याद्या वेगवेगळ्या खात्यांच्या आहेत आणि त्यांतली नावं सगळीच जुळत नाहीत. पिवळं कार्ड हातात असलेल्या बाईला वाटतं आपण बसतो. तिचा अर्ज टेबलावर आला की कारकून यादीतला क्रमांक विचारतो. शिवाय २००२ नंतर लग्न होऊन सासरी आलेल्या आणि पुढे वेगळ्या राहू लागलेल्या सुनेचं काय? यादीत सासऱ्याचं नाव आहे. ते तिला चालणार की नाही? ‘अल्प उत्पन्न’ म्हणजे किती, कुणाचं आणि कुठल्या वर्षाचं? तिचं एकटीचं, नवऱ्यासह, की एकत्र रेशनकार्डावरच्या सगळ्यांचं? ‘यापूर्वी लाभ घेतलेल्यांचे’ म्हणजे तिनं घेतलेला, की तिच्या सासूनं दहा वर्षांपूर्वी शिलाई मशीन घेतलं असेल तेही धरायचं? यातला एकही प्रश्न व्याकरणाचा नाही. उत्तर कुणीतरी द्यायला हवं होतं, ते दिलं नाही आणि सूचना तशीच बोर्डावर गेली.

कागदपत्रांची गोष्ट याहून वाईट आहे, कारण तिथे बाईचे पैसे आणि दिवस जातात. ‘रहिवासी दाखला’ म्हटल्यावर ती सेतू केंद्रात जाते. तिथे तिला वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला सुचवतात, म्हणजे गावात ज्याला डोमिसाइल म्हणतात तो. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो माहेरच्या शाळेत, आणि माहेर विजापूरकडे. खरं तर कार्यालयाला एवढंच हवं असतं की ही बाई या गावात राहते. त्यासाठी ग्रामपंचायतीकडची नोंद किंवा तिचं स्वतःचं घोषणापत्र पुरलं असतं. ‘८ चा उतारा’ हा तर सापळाच आहे. तलाठ्याकडे गाव नमुना ८-अ असतो, त्यात कुणाच्या खात्यावर किती जमीन आहे ते असतं. ग्रामपंचायतीकडे नमुना ८ असतो, त्यात घराची आणि घरपट्टीची नोंद असते. गिरणी घरात बसवायची आहे, तेव्हा हवा असतो ग्रामपंचायतीचा. पण लोकांच्या तोंडात ‘आठ अ’ बसलेला. भूमिहीन बाई तलाठ्याच्या दारात जाते, तिथे तिच्या नावावर काहीच निघत नाही, आणि जमीन नाही म्हणजे योजना आपल्यासाठी नाही असं समजून ती परत येते. जिच्यासाठी योजना केली तीच अशी पहिल्या दोन दिवसांत बाहेर पडते, आणि याची नोंद कुठेच होत नाही. आलेले अर्ज फाईलला लागतात. न आलेल्या अर्जाचा कागदच नसतो.

‘साक्षांकित प्रती’ हे दोन शब्दही पाहा. २०१५ साली राज्य शासनानंच ठरवलं की सर्वसाधारण कामांना अर्जदारानं स्वतः सही करून दिलेली प्रत चालेल. तरी जुन्या मसुद्यावरून नवा मसुदा उतरवताना ‘साक्षांकित’ तसंच राहतं. मग बाई झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन राजपत्रित अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्यासाठी फिरते. ही फेरी कुणीही ठरवून लादलेली नाही. जुनी सूचना काढायची, साल बदलायचं आणि सहीला ठेवायची, या पद्धतीतून ती आली आहे. मीही तसंच करत होतो.

आता तारीख. ‘प्रसिद्ध झालेपासून १५ दिवसांचे आत.’ प्रसिद्ध कुठे झालं? समजा साहेबांची सही १ तारखेला झाली. जावक नोंद २ तारखेला. गावात कागद पोचून बोर्डावर लागला ६ तारखेला. बचत गटाच्या बैठकीत त्या बाईच्या कानावर पडलं ९ तारखेला. कायद्याच्या भाषेत ‘पासून’ म्हटलं की पहिला दिवस धरत नाहीत. म्हणजे सहीपासून मोजलं तर मुदत १६ ला संपते, बोर्डापासून मोजलं तर २१ ला. यातली कुठली खरी, हे सूचनेत नाही. ती १० तारखेला तलाठ्याकडे जाते, ११ ला महा ई-सेवा केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज करते. लोकसेवा हक्क कायद्याखाली हा दाखला देण्याची मुदत १५ दिवस आहे. म्हणजे सगळं नियमात आणि वेळेत झालं तरी दाखला हातात यायला २६ तारीख उजाडू शकते. कुठल्याही हिशेबानं ती बाहेरच आहे. कुणी आळस केला नाही, कुणी पैसे मागितले नाहीत, तरी ती बाहेर.

त्यातून ‘ग्रामसेवकामार्फत’ हा शब्द. (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात.) शेवटची तारीख अर्ज ग्रामपंचायतीत देण्याची, की तो तालुक्याला पोचण्याची? बाईनं २० तारखेला अर्ज दिला, ग्रामसेवक २३ ला तालुक्याच्या बैठकीला गेले आणि तेव्हा गठ्ठा टपालात दिला. आवक शिक्का २३ चा. ‘मुदतीनंतर प्राप्त’ असा शेरा पडतो. तिच्याकडे पोच नाही, म्हणून तिला भांडताही येत नाही.

आणि जी गोष्ट त्या मजकुरात अजिबात नाही, ती सगळ्यांत मोठी आहे. ‘पुरविणे’ असा शब्द आहे, पण गिरणी कुणी पुरवत नाही. निवड झाली की बाईनं दुकानातून स्वतः गिरणी घ्यायची, जीएसटीचं बिल द्यायचं आणि मग अनुदान तिच्या बँक खात्यावर येतं. गिरणी १५ हजारांची आणि अनुदान ९० टक्के असेल, तर १३,५०० रुपये तिला परत मिळतील. पण आधी १५ हजार तिच्याजवळ हवेत, आणि ते कधी परत येतील हे तिला माहीत हवं. हे निवड झाल्यावर कळलं तर ती सावकाराकडे जाते किंवा नाव सोडून देते. आधी कळलं असतं तर बचत गटातून अंतर्गत कर्ज काढायचं नियोजन तिनं केलं असतं. एका वाक्यानं हा फरक पडला असता.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. त्यातलं काही मला पटतं. पहिलं म्हणजे नेमकेपणाचं. ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या योजनेच्या आदेशात असते, ती घरगुती बोलीत सैल करून चालत नाही. लेखापरीक्षणात प्रत्येक नाव त्या व्याख्येवर तपासलं जातं आणि वसुली निघाली तर ती कर्मचाऱ्याच्या पगारातून निघू शकते. ही भीती खोटी नाही, मी ती अनुभवली आहे. पण बोर्डावरची सूचना म्हणजे आदेश नव्हे. मंजुरीचा आदेश फाईलमध्ये तसाच राहतो, त्याचा क्रमांक सूचनेच्या तळाशी देता येतो. आणि व्याख्या लपवल्यानं नेमकेपणा येतो का? ‘कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं’ हे वाक्य सोपंही आहे आणि नेमकंही. मोघम वाक्यच उद्या दोन अर्थांनी वाचलं जातं, आणि तक्रार तिथूनच उभी राहते.

दुसरं म्हणणं उघडपणे कुणी मांडत नाही, चहाच्या टपरीवर बोललं जातं. तालुक्याला गिरण्या येणार पन्नास. सूचना सगळ्यांना कळली तर अर्ज येतील दोन हजार. ते तपासणार कोण, आणि साडेएकोणीसशे जणींची नाराजी झेलणार कोण? यातला ताण खरा आहे, टेबलं रिकामी आहेत आणि माणसं कमी. पण अवघड सूचना अर्ज कमी करते म्हणजे कुणाचे कमी करते? ज्यांचं तालुक्याला रोजचं जाणं-येणं आहे, ज्यांच्या घरात कुणी सदस्य आहे, ज्यांचा फोन कारकून उचलतो, त्यांचे कमी होत नाहीत. उमदी किंवा संखकडची बाई एक दिवसाची मजुरी बुडवून जतला येते, तिचा कमी होतो. त्या पट्ट्यात तर कित्येक घरांत कन्नड बोलतात. तिच्यासाठी ‘विहित’ आणि ‘ठरवून दिलेले’ सारखेच परके. ‘१,२०,०००’ हा आकडा आणि ‘१२ सप्टेंबर’ ही तारीख मात्र तिला लगेच कळते. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं तर सूचना लागते तेव्हा गावातच नसतात. चाळण लावायचीच असेल तर ती उघड लावा. किती गिरण्या आहेत ते लिहा, अर्ज जास्त आले तर निवड कशी होईल ते लिहा. सोडत असेल तर सोडतीचा दिवस लिहा. नाव न निघालेली बाई नाराज होईल, पण आपल्याला फसवलं असं म्हणणार नाही.

तिसरं म्हणणं मला सगळ्यांत वजनदार वाटतं. लोक सूचना वाचतच नाहीत, ते विचारतात. अंगणवाडीच्या ताईंना, ग्रामसेवकाला, गटाच्या अध्यक्षीणबाईंना. मग कागदावर एवढा खल कशाला? हे निरीक्षण अगदी बरोबर आहे. पण त्यातून उलटाच निष्कर्ष निघतो. ज्याला विचारलं जातं तोही तोच कागद वाचून सांगणार. कागदात नसलेलं उत्तर तो अंदाजानं देणार, किंवा ‘तालुक्याला विचारून सांगतो’ म्हणणार. आणि जो खात्रीनं सांगू शकतो, कारण त्याची आत ओळख आहे, तो त्या माहितीचे पैसे घेणार. एजंट तयार होतो तो नेमका इथे. पूर्वी गावात दवंडी पिटली जायची. दवंडीवाल्याला एका दमात सांगावं लागे: कुणी यायचं, काय घेऊन यायचं, कधी यायचं. ‘विहित निकषांची पूर्तता करणाऱ्यांनी’ अशी दवंडी कुणी पिटली असती का? ऐकणाऱ्यानं जागेवरच विचारलं असतं, म्हणजे कुणी रे? कागदाला तसं विचारता येत नाही.

शब्दांच्या वादानं आपण याआधीही असेच चकलो आहोत. महाराष्ट्र राज्य झाल्यावर कारभार मराठीत आणायचं मोठं काम झालं. भाषा संचालनालय आलं, पदांची मराठी नावं ठरवणारा पदनाम कोश आला, त्याची ‘बदनाम कोश’ म्हणून टवाळीही झाली. दोन्ही बाजू शब्दांवर भांडल्या. कलेक्टर म्हणायचं की जिल्हाधिकारी, हे ठरलं, आणि आज ‘जिल्हाधिकारी’ सगळ्यांच्या तोंडात आहे. म्हणजे नवे शब्द रुळतात, त्यांचं एवढं भय नको. पण इंग्रजी परिपत्रकातली ‘नियमानुसार’, ‘आवश्यकतेनुसार’ ही पळवाटांची रचना त्या मराठीत जशीच्या तशी उतरली, तिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं. याच्या पलीकडे मागे जाऊन पाहायचं तर चिपळूणजवळच्या छावणीतल्या लोकांना शिवाजी महाराजांनी पाठवलेलं पत्र पाहा. पावसाळ्यात दाणागवत जपून वापरा, एवढ्यावर ते थांबत नाही. रात्री दिवे जळते ठेवाल, उंदीर पेटती वात नेईल, गवताला आग लागेल आणि घोडी मरतील, इथपर्यंत ते पत्र सांगतं. त्यात फारसी शब्द आहेत. आजच्या शुद्धतेच्या कसोटीला ते उतरणार नाही. पण वाचणाऱ्या हवालदाराला रात्री काय करायचं आणि काय नाही, याबद्दल शंका राहिली नसणार.

कायदाही या बाजूनं आहे, ही गोष्ट बैठकीत कुणी काढली नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अनुदानाच्या योजना कशा राबवल्या जातात, ते कार्यालयानं कुणी न मागता प्रसिद्ध करायचं आहे. आणि त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की ही माहिती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागात सगळ्यांत परिणामकारक ठरेल अशी पद्धत विचारात घ्यायची. म्हणजे मोघम लिहिल्यानं आपण कायद्याच्या चौकटीत सुरक्षित राहतो, हा समज तपासून पाहायला हवा.

त्या बैठकीनंतर मी वरचा मजकूर नव्यानं लिहून पाहिला. तो असा झाला:

“घरगुती पिठाची गिरणी घेण्यासाठी अनुदान

शेवटची तारीख: शुक्रवार, १२ सप्टेंबर, संध्याकाळी ५ वाजेपर्यंत. अर्ज तुमच्या ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या. पोचेवरची तारीख धरली जाईल.

कोण अर्ज करू शकतं: या तालुक्यातल्या खेड्यात राहणारी, १८ वर्षं पूर्ण झालेली स्त्री. तिच्या कुटुंबाचं गेल्या आर्थिक वर्षातलं उत्पन्न १,२०,००० रुपयांपेक्षा जास्त नसावं. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं चालेल. जमीन असण्याची अट नाही.

काय जोडायचं: आधार कार्ड. रेशनकार्ड. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. तो मिळाला नसेल तर त्यासाठी केलेल्या अर्जाची पावती जोडा, दाखला ३० सप्टेंबरपर्यंत द्या. घराचा नमुना ८ चा उतारा, हा ग्रामपंचायतीत मिळतो, तलाठ्याकडे नाही. घर दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र. बँक पासबुकाचं पहिलं पान. सगळ्या झेरॉक्सवर स्वतःची सही किंवा अंगठा पुरे. डोमिसाइल लागत नाही.

पैसे कसे मिळतील: आधी गिरणी तुम्ही घ्यायची आहे. बिल दिल्यावर किमतीच्या ९० टक्के रक्कम तुमच्या खात्यावर येईल. निवड झाल्याचं पत्र मिळण्याआधी गिरणी घेऊ नका.

गिरण्या ५० आहेत. अर्ज जास्त आले तर सगळ्यांसमोर सोडत काढली जाईल.”

जुन्यापेक्षा हे लांब आहे, ते मान्य. सोपं म्हणजे आखूड, हाही एक गैरसमज आहे. हे लिहायला मला तासाभराच्या वर लागला नाही. वेळ गेला तो विचारण्यात. दाखल्याच्या जागी पावती चालेल का, नमुना ८ घरमालकाचा चालेल का, पोचेची तारीख धरायची का, यातलं प्रत्येक वाक्य म्हणजे कुणीतरी ‘हो’ म्हणून सही करायची गोष्ट आहे. कारकुनाला तो अधिकार नसतो, म्हणून तो ‘आवश्यक कागदपत्रे’ लिहितो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. सहीला बसलेल्या अधिकाऱ्यानं आणि ठराव करणाऱ्या समितीनं हे प्रश्न मसुद्याच्या आधी सोडवायचे आहेत. मसुदा तयार झाला की गावातल्या दोन बायकांना वाचून दाखवावा आणि विचारावं, ताई, उद्या सकाळी तुम्ही कुठे जाल आणि सोबत काय न्याल? उत्तर चुकलं तर सूचनेत ती जागा दुरुस्त करायची.

माझ्या मजकुरातही एक जागा अजून रिकामी आहे. ‘यापूर्वी लाभ घेतलेला नसावा’ ही अट किती वर्षांची आणि एकाच घरात राहणाऱ्या सासूनं घेतलेला लाभ सुनेला आडवा येतो की नाही, हे मी तीन ठिकाणी विचारलं आणि तीन उत्तरं मिळाली. म्हणून ती ओळ मी लिहिलेली नाही. त्या बैठकीत कोपऱ्यात बसलेल्या बाईच्या सासूकडे जुनं शिलाई मशीन आहे. तिला द्यायचं उत्तर माझ्याकडे नाही, ते समितीनं द्यायचं आहे.